हात पोचेल तिथवर केस

शेवटची काही वर्षं माझा अंबाडा हे घालत असत. ही गोष्ट आमच्या घराबाहेर कुणाला माहीत नव्हती, आणि घरात आम्ही दोघंच होतो.

कारण अगदी साधं होतं. मी अंगणातल्या ओल्या फरशीवर घसरले आणि उजवा खांदा मोडला. तो जोडला गेला, पण हात कानाच्या वर जाईना. मी भिंतीवर बोटं चालवली, खिडकीला दोरी बांधून ओढली, डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं केलं. हात कानापर्यंत आला आणि तिथे थांबला. अंबाडा हे दोन हातांचं काम आहे, आणि तेही डोक्यामागे, न बघता करायचं. एकट्या डाव्या हाताने फार तर वेणीचं टोक धरून ठेवता येतं.

पहिल्या आठवड्यात शेजारची मुलगी येऊन केस बांधून गेली. मग तिच्या परीक्षा सुरू झाल्या. एक दिवस ह्यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं, चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "त्यात काय एवढं? दाखव बघू कंगवा."

हे आयुष्यभर बँकेत होते. कुठलंही काम हातात घेतलं की आधी त्याची पद्धत ठरवायची, ही त्यांची सवय. आधी कंगव्याच्या शेपटीने मधोमध भांग. मग केस तीन वेळा वरून खाली. मग गंगावन, म्हणजे विरळ केसांच्या अंबाड्याला भरदारपणा यावा म्हणून आत घालायचा खोट्या केसांचा झुबका. तो झुबका रात्री टेबलावर पडलेला असे. त्याला हे "तुझं मांजर" म्हणत. "मांजर कुठंय?" म्हणून सकाळी शोधाशोध चाले. शेवटी आकडे. ते ओठांत धरून हे मला काहीतरी सांगत, त्यातलं एक अक्षरही मला कळत नसे, आणि मी "हो, हो" म्हणत असे. ते सगळं खरंच काही महत्त्वाचं असलं तर, असं आता वाटतं. पण ते बहुधा गॅस सिलिंडरचा नंबर लावण्याबद्दलच असणार.

गेल्या हिवाळ्यात हे गेले.

दिवसकार्यापर्यंत घर बायकांनी भरलेलं होतं. कुणी ना कुणी माझे केस विंचरून जायचं. मग सगळ्या आपापल्या गावी गेल्या, आणि एका सकाळी मी आरशासमोर बसले, तर टेबलावर मांजर होतं, आकड्यांची डबी होती, आणि पुढे काय करायचं ते कळेना. मी केस डाव्या हाताने मागे गोळा केले, रबर एकदा फिरवलं, दुसऱ्यांदा फिरवताना ते निसटून कपाटाखाली गेलं. मी डोक्यावरून पदर घेतला आणि भाजी घ्यायला बाहेर पडले.

तो पदर मग डोक्यावरच राहिला. दाराशी कुणी आलं तरी पदर, बँकेत गेले तरी पदर. मी महाविद्यालयात ग्रंथपाल होते; नोकरीच्या सगळ्या वर्षांत माझ्या डोक्यावर पदर कुणी पाहिलेला नाही. पण नवरा गेलेल्या बाईने डोक्यावर पदर घेतला की लोक त्याचा अर्थ स्वतःच लावतात. कोपऱ्यावरचा दुकानदार मला "माई" म्हणायला लागला. गल्लीतल्या बायका माझ्याशी हळू आवाजात बोलू लागल्या. आणि सगळ्यांत जास्त भारावल्या माझ्या नणंदबाई.

वन्सं मोडनिंबला असतात. ह्यांची धाकटी बहीण. शेती, शेळ्या आणि भलंमोठं कुटुंब असा त्यांचा कारभार. वयाने माझ्याहून लहान, पण आवाज असा की त्यांना फोनची गरज नसावी. त्या मधे एकदा येऊन गेल्या, माझ्याकडे बघत राहिल्या आणि डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "वैनी, तुमी शिकलेल्या असून बी दादाचा मान ठेवला. समद्या गावाला सांगन मी." आणि त्यांनी खरोखरच सगळ्या गावाला सांगितलं.

मला सांगायला हवं होतं, की वन्सं, हा मान नाही, हा गुंता आहे. पण दुःखाच्या दिवसांत माणूस समोरच्याचं म्हणणं खोडून काढायच्या भानगडीत पडत नाही. आणि खरं सांगायचं तर पदराआड बरं वाटत होतं. केस तर त्या दिवसांत मुठीने गळत होते. डॉक्टरीण म्हणाल्या, मोठ्या धक्क्यानंतर दोन-तीन महिन्यांनी असं होतं, मग आपोआप कमी होतं. कमी झालं, पण जे गेले ते काही सगळे परत आले नाहीत. मधला भांग पूर्वी रेघ होता, आता पट्टी झाला.

लेक पुण्याहून सुट्टीला आली तेव्हा हे सगळं उघडं पडलं. तिने सहज म्हणून माझा पदर सरकवला. मानेवर, जिथे माझा कंगवा पोचत नव्हता, तिथे केसांची गाठ झाली होती. लिंबाएवढी. ती खोबरेल तेल घेऊन माझ्यामागे बसली आणि बोटांनी एकेक केस सोडवू लागली. किती वेळ लागला ते मी बघितलं नाही. मग तिचा आवाज आला, रागावलेला. ती रडते तेव्हा तिचा आवाज रागावलेला येतो.

"आई, तू माझ्याबरोबर पुण्याला चल."

"एका गाठीसाठी?"

"गाठीसाठी नाही. तुला स्वतःचे केस विंचरता येत नाहीत, हे तू मला सांगितलं नाहीस. मग आणखी काय काय येत नसेल आणि तू सांगत नसशील?"

"बाकी सगळं येतं."

"हे वाक्य प्रत्येकाची आई म्हणते. मी मागच्या वेळीच एका एजंटशी बोलून ठेवलंय. घर भाड्याने जाईल, तुझी पुस्तकं माझ्याकडे मावतील."

माझी पुस्तकं तिच्याकडे मावणार नव्हती, पण मुद्दा तो नव्हता. मला हे घर सोडायचं नव्हतं. इथे मला रस्ते पाठ आहेत, वाचनालय पाठ आहे, दुपारच्या उन्हात कुठल्या बाजूने चालायचं ते पाठ आहे. ह्यांच्या खुर्चीवर बसायचं की नाही हेही मी अजून ठरवत होते, आणि ते पुण्यात बसून ठरवता येण्यासारखं नव्हतं.

"केसांचं मी बघते," मी म्हटलं.

"कसं बघशील?"

"बघते म्हटलं ना. पुढच्या वेळी येशील तेव्हा मी माझी मी न्हाईन, विंचरीन, आणि नीटनेटकी दिसेन. कुणाची मदत न घेता. तसं झालं तर पुण्याचा विषय काढायचा नाही."

तिने तेलाची बाटली बंद केली. मग म्हणाली, "आणि नाही झालं तर?"

"तर चलते."

माझी लेक ह्यांच्यावर गेलेली आहे. तिने हात पुढे केला आणि आम्ही दोघींनी चक्क टाळी देऊन करार केला.

ती गेल्यावर मी कामाला लागले. आधी सगळे केस पुढे, डाव्या खांद्यावर घेऊन वेणी घालून बघितली. झाली, पण ती गोष्टीतल्या उंदराच्या शेपटीसारखी गळ्यावर लोंबत राहिली, आणि उजव्या बाजूच्या बटा तिला सोडून भलतीकडे गेल्या. मग आमच्या इथल्या नवी पेठेतून मोठा चाप आणला. दुकानदाराने त्याला "क्लचर" म्हटलं आणि तो एका हाताने लावता येतो अशी हमी दिली. एका हाताने लावता आलाही. पण माझ्या केसांत त्याच्या दातांना धरायला काही सापडेना. मी जिना उतरेपर्यंत तो घसरत घसरत पाठीवर येई. मांजर वापरायचा प्रश्नच नव्हता, कारण खोट्या केसांनाही धरून राहायला थोडे खरे केस लागतात. नंतर मी कपाळावर पट्टा लावून पाहिला. त्यात मी निवृत्त टेनिसपटू दिसत होते.

म्हणजे केस कापणं आलं. लेकीने फोनवर सांगून टाकलं, "सरळ बॉयकट कर. धुतले, पुसले, झालं." पण आरशात मी दोन्ही हातांनी केस दाबून धरून बघितलं, तर टाळूच तेवढी दिसली. विरळ केस फार आखूड केले की ते झाकण्याचं काम सोडून देतात. शिवाय माझा चेहरा आता बराच उतरला होता. त्याच्या भोवती काहीतरी मऊ, थोडं हलणारं असावं असं मला वाटत होतं.

सात रस्त्याजवळ एक बायकांचं पार्लर आहे. त्याच्या काचेवर नवरीचं मोठं चित्र आहे आणि दारात चपलांचा ढीग. मी आयुष्यात कधी पार्लरमध्ये गेले नव्हते. चारचौघांत जायचं तर केस नीट करून जावं, या संस्काराने मी आदल्या रात्री डोक्याला भरपूर तेल चोपडलं आणि सकाळी तशीच गेले.

पार्लर चालवणारी बाई पन्नाशीची असेल. बोलायला चटपटीत, हाताला मेंदीचा वास. तिने माझा पदर मागे केला, केसांना बोट लावलं आणि बोट टॉवेलला पुसलं.

"काकू, केस कापायचेत का भजी तळायचीत?"

शेजारच्या खुर्चीत भुवया कोरून घेणारी मुलगी हसली. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी हसले, म्हणून आवाज थोडा विचित्र आला.

तिने दोनदा शाम्पू लावून केस धुतले. "तेलाने तुमचे केस डोक्याला चिकटतात," ती म्हणाली. "आहेत त्याच्या निम्मे दिसतात. लावायचंच तर न्हायच्या आधी तासभर लावा आणि धुऊन टाका. लावून हिंडायचं नाही." मग समोरच्या झगझगीत दिव्यात तिने मला आरसा दाखवला, आणि मी माझी टाळू पहिल्यांदा इतकी स्वच्छ पाहिली.

"किती कापू?"

मी खांद्याला हात लावला.

"खांद्यापर्यंत नको काकू. तिथं केस टेकतात आणि बाहेर वळतात. बांधता येत नाहीत, सोडताही येत नाहीत. एक तर वर घ्या, नाहीतर राहू द्या."

"पण छोटासा अंबाडा आला पाहिजे," मी म्हटलं. मला वन्संचा चेहरा दिसत होता. मधला मार्ग काढावा, केस कापल्यासारखेही व्हावेत आणि न कापल्यासारखेही, असा माझा विचार. आयुष्यभर पुस्तकांत राहिलेल्या माणसाला मधल्या मार्गाचं फार आकर्षण असतं.

"काकू, तुमचा हात तर वर जात नाही. अंबाडा घालणार कोण?"

मी म्हटलं, "तुम्ही कापा." तिने खांदे उडवले आणि कापले. ओले, ताणून विंचरून, खांद्याच्या रेषेत. माझ्या पाठीमागे जे पडलं ते बघून मला वाईट वाटायला हवं होतं, पण ते इतकं थोडं होतं की वाटलं, एवढ्यासाठी एवढा कारभार?

घरी जाईपर्यंत उन्हात केस वाळले आणि बोटभर वर गेले. माझ्या पांढऱ्या केसांना आता एक वळण आलेलं आहे, तरुणपणी नव्हतं ते. त्यामुळे डावी बाजू आत वळली आणि उजवी बाहेर. संध्याकाळपर्यंत मान घामाने चिकचिकली. बांधावे म्हटलं तर दोन्ही हात लागणार. मोकळे ठेवावे तर जेवताना ताटात येणार. पार्लरवालीने सांगितलं होतं तंतोतंत तेच झालं होतं, आणि लेक आता शनिवारी येणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. दारात वन्सं, हातात वांग्यांची पिशवी, मागे रिक्षावाल्याच्या डोक्यावर ज्वारीचं पोतं. पदर घ्यायला मला वेळच मिळाला नाही.

वन्संनी पिशवी खाली ठेवली. "वैनी! ह्ये काय केलं वं?"

"आत तर या."

"आत येते, पन आदी सांगा. आजारी हायसा का? का कुनी नवस बोलायला लावला?"

"कापले, वन्सं. पार्लरमध्ये जाऊन कापले."

त्या धप्पकन खुर्चीवर बसल्या, ह्यांच्या खुर्चीवर. "आन मी मोडनिंबात सांगत हिंडते, आमच्या वैनीनं दादा गेल्यापासनं डोईवरचा पदर पाडला न्हाई. आता मी त्वांड कुटं लपवू?"

मी त्यांना पाणी दिलं आणि समोर बसले. मग सांगून टाकलं. पदर ह्यांच्यासाठी नव्हता. केस बांधता येत नव्हते म्हणून होता. हात वर जात नाही. लेक म्हणते पुण्याला चल. शनिवारी ती येईल तेव्हा मला माझे केस माझे मला आवरता आले पाहिजेत, नाहीतर घर सुटलं.

वन्संनी सगळं ऐकून घेतलं. पण त्या भलत्याच ठिकाणी अडकल्या होत्या.

"हात तर लई वर्सांपासनं जात न्हाई. मग इतकी वर्सं बुचडा कोन घालत हुतं?"

"हे."

"कोन हे?"

"तुमचे दादा."

"आमचा दादा?" वन्संचा आवाज रस्त्यावर गेला असणार. "आमचा दादा बायकूचा बुचडा घालायचा? ज्याला लगनात फेटा बांदायला दोगं लागली? ज्यानं आयुष्यात सोताच्या हातानं पान्याचा तांब्या घेतला न्हाई?"

"आकडे तोंडात धरायचे, आणि बोलायचे."

वन्सं माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता रडणार. पण त्यांच्या खांद्यांपासून हसू सुरू झालं. त्या खुर्चीचे हात धरून हसल्या, मग मी हसले, मग दोघींचेही डोळे भरून आले आणि कशाने ते कुणीच विचारलं नाही.

"मला कंदी बोलला न्हाई," त्या शेवटी म्हणाल्या. "म्या तर त्येला जल्मभर दगुड समजत हुते." मग नाक पुसून उठल्या. "चला. कुटं हाय ती कापनारी? असं अर्दवट ठिवू नगा. मला बगवंना."

पार्लरवालीने आम्हाला बघितलं, माझ्या उजव्या बाजूला उलट्या वळलेल्या केसांकडे बघितलं, आणि मोठ्या मनाने नुसती खुर्ची पुढे केली. वन्संनी मात्र ताबडतोब कारभार हातात घेतला. बाजारात शेळी घेताना त्या जशा चारी बाजूंनी फिरून बघतात, तशा माझ्या खुर्चीभोवती फिरल्या.

"मेंडरं कातरत्यात तसं करू नगा बरं का. बाई हाय ती."

"नाही करत, आजी."

"आजी म्हनू नगा. हिच्यापेक्षा ल्हान हाय मी."

"बरं, मावशी. मी म्हणते, स्टेप कट नको आणि बॉयकटही नको. केस विरळ आहेत, खालची कड एका रेषेत सरळ ठेवली तर दाट दिसतात. पायऱ्या पायऱ्या केल्या की टोकं अजून विरळ होतात. हनुवटीच्या जरा खाली घेऊ का?"

"थांबा," वन्सं म्हणाल्या. "वैनी, हात वर करा. कंगवा धरून. कुटवर जातो ते दावा."

मी कंगवा घेतला. उजवा हात कानापर्यंत गेला. डावा हात मागे डोक्यावर सहज पोचला, पण मानेच्या खाली, उजवीकडे, कंगवा टेकेना. वन्संनी माझ्या मानेवर बोट ठेवलं. "हितनं खाली तिचा कंगवा जात न्हाई. मंग हितनं खाली केस पायजेत कशाला? गुंता तितंच व्हतुया."

पार्लरवालीने आरशातून वन्संकडे बघितलं आणि मान डोलावली. "मग मागून मानेवरच्या केसरेषेपर्यंत, आणि पुढे येत येत थोडे लांब, हनुवटीपर्यंत. मागे विंचरायची वेळच येणार नाही, बोटं फिरवली तरी बसतील."

"कान झाकले पायजेत," वन्सं म्हणाल्या.

"पुढून झाकतील. कुड्या दिसतील तेवढ्या दिसू दे की."

"व्हय, कुड्या दिसू द्या. दादानं घेतल्यात त्या."

या वेळी तिने केस आधी पूर्ण वाळवले आणि मग कापायला घेतले, म्हणजे कुठली बट कुठे वळते ते दिसेल. कात्री सरळ चालली. डोक्याच्या वरच्या भागात मात्र तिने काही थोड्या बटा किंचित आखूड ठेवल्या. "इथं हलके झाले की थोडे उचलून राहतात," म्हणाली. कपाळावर थोडे केस तिरके सोडले. वन्सं म्हणाल्या, कपाळावर केस आले की माणूस रुसल्यासारखा दिसतो, मग ते आणखी बाजूला गेले. मेंदीचं मी विचारलं. ती म्हणाली, "लावली तर नारिंगी होतील, आणि महिन्याभरात मुळाशी पांढरी पट्टी दिसायला लागेल, मग पुन्हा लावायची. पांढरे आहेत तर पांढरेच छान. डोक्याची कातडीही त्यात कमी दिसते."

शेवटी तिने कंगव्याची शेपटी घेतली. "भांग बाजूला पाडते. इतकी वर्षं मधे पाडून तिथेच जास्त विरळ झालंय."

मी "थांबा" म्हटलं. का, ते मला लगेच सांगता आलं नाही. तो मधला भांग हे पाडत. नाकाच्या शेंड्यापासून सरळ वर डोळा लावून, सुतारासारखा एक डोळा मिटून. पार्लरवाली कंगवा धरून थांबली. वन्सं, ज्या कधीच थांबत नाहीत, त्याही थांबल्या.

"पाडा," मी म्हटलं.

केस एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेले आणि जरा उंच उभे राहिले. आरशात एक अनोळखी बाई होती. माझ्यापेक्षा थोडी खोडकर असावी असं वाटलं. वन्संनी मान तिरकी करून तिला बराच वेळ न्याहाळलं.

"गावात काय सांगाल?" मी विचारलं.

"सांगायचं काय त्यात? वैनीनं केस कापले म्हनून सांगन. आन दादाचं तर आज येष्टीतच सांगायला सुरवात करते."

शनिवारी लेक आली. दारात उभी राहून बघत राहिली. "ओह," एवढंच म्हणाली, आणि मग तिच्या बापासारखी, म्हणजे सौजन्यात वेळ न घालवता: "आता न्हाऊन दाखव."

मी न्हाणीघरात गेले. पूर्वी न्हायचं म्हणजे अर्धा दिवस जाई. आता शाम्पू चमचाभर लागतो, आणि डाव्या हाताला डोकं सगळीकडे सापडतं. टॉवेल गुंडाळून मी बाहेर आले, घासला नाही, नुसता दाबून पाणी टिपलं. मोठ्या दातांचा कंगवा डाव्या हाताने एका बाजूने फिरवला, उजवीकडचे केस उजव्या हाताने कानापर्यंत येतील तसे. मागे बोटं फिरवली. मग पंख्याखाली उभी राहिले. लेक खाटेवर बसून, हाताची घडी घालून, परीक्षकासारखी बघत होती.

"झालं?"

"झालं."

"एवढंच?"

"एवढंच. दीड-दोन महिन्यांनी टोकं सरळ करून घ्यायची. सात रस्त्याला रिक्षाने जाते."

ती उठली आणि माझ्या मागे गेली. मला मागचं दिसत नव्हतं, पण तिचा श्वास मानेवर लागला. "इथे एक बट उभी राहिलीये," ती म्हणाली. तिचा हात वर आला; मला तो समोरच्या कपाटाच्या काचेत दिसला, माझ्या डोक्याच्या अगदी जवळ. करारात माझीच अट होती: कुणाची मदत न घेता.

हात तिथेच थांबला, आणि मग खाली गेला.

"राहू दे," ती म्हणाली. "तशीच छान दिसतेय."

"मग?"

"मग काय, आई. अट म्हणजे अट." तिचा आवाज रागावलेला होता. तिने फोन घेतला, गॅलरीत गेली, आणि घर भाड्याने लावून देणाऱ्या त्या माणसाला सांगताना मला ऐकू आलं: नाही, आता नाही, आई इथेच राहतेय. नाही, पुढच्या महिन्यात पण नाही. तो पलीकडून काहीतरी विचारत असावा, कारण ती जरा थांबली आणि म्हणाली, "नाही हो, तब्येतीला काही झालं नाही. उलट तिने केस कापलेत."